दुकानात इन्कम टॅक्सचा सर्व्हे आला तर काय करायचं: स्टॉक मोजणी, प्रश्न आणि सही

माझं रेडीमेड कपड्यांचं दुकान आहे आणि माझ्याकडे इन्कम टॅक्सचा सर्व्हे होऊन गेलाय. तेव्हापासून ओळखीतल्या कोणाकडे टीम आली की फोन मला येतो, आणि प्रत्येकाला तेच तेच सांगतो म्हणून आता एकदाच लिहून काढतोय. सगळ्यात जास्त लिहिणार आहे ते स्टॉकबद्दल, कारण छोट्या दुकानदाराची गाडी तिथेच अडकते. वहीत एक आकडा, रॅकवर दुसरा, आणि संध्याकाळी दमलेल्या अवस्थेत माणूस म्हणतो जाऊदे साहेब लिहा, देतो सही. त्या सहीची किंमत किती होते ते पुढे आकड्यात दाखवतो.

1. आधी कळून घ्या की हा नक्की काय प्रकार आहे

लोक सगळ्यालाच "धाड पडली" म्हणतात, पण सर्व्हे आणि धाड वेगळी. सर्व्हे 1961 च्या इन्कम टॅक्स कायद्याच्या कलम 133ए खाली होतो. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा लागू झालाय, त्यामुळे कागदावर कलमाचा नंबर वेगळा दिसेल, गोंधळू नका.

सर्व्हेत टीमला काय करता येतं तर वह्या-बिलं बघणं, कॅश आणि माल मोजणं, त्याची यादी करणं, कागदांवर खुणा करणं, कॉपी घेणं, वह्या ताब्यात घेणं आणि तुमचा जबाब लिहिणं. काय करता येत नाही तर तुमची कॅश, माल किंवा दागिने उचलून नेणं. कायद्यात हे अगदी स्पष्ट आहे की कोणत्याही परिस्थितीत नाही. अंगझडती पण सर्व्हेत नसते. आत यायची वेळ दुकान उघडं असतानाची, पण एकदा सुरू झालं की रात्री उशिरापर्यंत चालू शकतं, तेव्हा घरी फोन करून सांगा आणि डबा मागवा.

जीएसटीवाले आले असतील तर नियम वेगळे. ते कलम 67 खाली येतात, जॉइंट कमिशनर किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने दिलेलं आयएनएस-01 नावाचं ऑथोरायझेशन त्यांच्याकडे असतं, आणि तशी कारणं असली तर ते माल जप्त करू शकतात. म्हणून पहिल्या पाच मिनिटात डिपार्टमेंट कुठलं आणि कलम कुठलं एवढं कळलं पाहिजे. या लेखात पुढचं सगळं मुख्यतः इन्कम टॅक्सच्या सर्व्हेबद्दल आहे.

2. पहिला अर्धा तास

टीम आत आली की खुर्ची द्या, पाणी द्या आणि शांतपणे सांगा की साहेब ओळखपत्र आणि ऑथोरायझेशन बघू द्या. यात उद्धटपणा काही नाही, खरे अधिकारी स्वतःहूनच दाखवतात. नावं आणि हुद्दे एका कागदावर लिहून घ्या. ऑथोरायझेशनवर नाव तुमचंच आहे का, फर्मचं आहे का, पत्ता बरोबर आहे का ते वाचा. इन्कम टॅक्सच्या पत्रांवर 1 ऑक्टोबर 2019 पासून डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा ओळख नंबर असतो, तो इन्कम टॅक्स पोर्टलवर `Authenticate Notice/Order Issued by ITD` या ठिकाणी लॉगिन न करता तपासता येतो. कोणी दारातच "मिटवून टाकू" म्हणत असेल आणि कागद दाखवत नसेल तर तो तोतया असू शकतो, तेव्हा हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग सीएला फोन. अधिकाऱ्याला सांगून करा, लपून नको. सीए येणं कायद्याने थांबवलेलं नाही आणि बऱ्याचदा येऊ देतात, कारण टॅलीतले रिपोर्ट काढून द्यायला त्यांनाही कोणीतरी लागतंच.

आणि काय करायचं नाही ते पण सांगतो. शटर ओढायचं नाही, नोकराला मागच्या दाराने वही घेऊन पळवायचं नाही, डायरीचं पान फाडायचं नाही, फोनमधले मेसेज उडवायचे नाहीत. सहकार्य टाळलं तर त्यांना समन्स काढून शपथेवर जबाब घ्यायचे अधिकार वापरता येतात, आणि संशय वाढला तर सर्व्हेची धाड होऊ शकते, म्हणजे जो माल आणि कॅश त्यांना उचलता येत नव्हती ती उचलता येईल. कागदाच्या एका पानासाठी हा सौदा करू नका.

3. ही फाईल आधीच तयार ठेवा

यातलं काहीही ऐन वेळी शोधायला गेलात तर सापडत नाही आणि "सापडत नाही" हे जबाबात जाऊन बसतं.

- पॅन, जीएसटी सर्टिफिकेट, शॉप ॲक्टचा कागद, जागेचा भाडेकरार. गोडाऊन वेगळं असेल तर ते जीएसटीत जोडलेलं असल्याचा पुरावा
- मागच्या तीन वर्षांचे रिटर्न, ताळेबंदासकट
- 31 मार्चच्या क्लोजिंग स्टॉकची आयटमवार यादी, नुसता एक आकडा नाही
- खरेदी बिलांची फाईल, आणि त्यातच वेगळ्या कप्प्यात "एंट्री बाकी" बिलं
- डिलिव्हरी चलन, जांगड मालाची चलनं, डेबिट नोट, क्रेडिट नोट
- रोजची कॅशबुक
- बँकेत कॅश क्रेडिट असेल तर बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटच्या कॉपी

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबतो. लिमिट टिकावी म्हणून बँकेला स्टॉक फुगवून दाखवायची सवय कितीतरी जणांना असते. टॅलीत 17 लाख आणि बँकेला 25 लाख. सर्व्हेत हे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले जातात आणि मग तुम्हाला दोनपैकी एका ठिकाणी खोटं बोललो असं सांगावं लागतं. हे आजच बंद करा, यावर सर्व्हेच्या दिवशी चांगलं उत्तर नसतं.

44एडीमध्ये, म्हणजे विक्रीच्या ठराविक टक्क्याने नफा धरून, रिटर्न भरणारे म्हणतात आम्हाला वह्या ठेवायचीच सक्ती नाही. इन्कम टॅक्सपुरतं बरोबर आहे, पण मग समोर दिसणारा माल कुठून आला हे दाखवायला खरेदी बिलांशिवाय तुमच्याकडे काहीच उरत नाही. शिवाय नेहमीच्या जीएसटी नोंदणीत स्टॉकचा हिशोब ठेवणं आहेच.

4. स्टॉक मोजणी: इथे स्वतः उभे राहा

मोजणी सुरू झाली की गल्ल्यावर बसून राहू नका. एक माणूस मोजतो, एक लिहितो, तुमचा एक माणूस बरोबर पाहिजे आणि त्याच्या हातात स्वतःची वही पाहिजे. गिऱ्हाईक येत असेल तर विचारा की विक्री चालू ठेवू का, हो म्हटले तर मधल्या वेळात विकलेल्या प्रत्येक वस्तूचं बिल फाडा आणि वेगळं ठेवा, नाहीतर एकच शर्ट मोजला पण जातो आणि विकला पण जातो. त्यापेक्षा दोन तास विक्री बंद ठेवलेली बरी.

हे चार प्रकारचे माल मोजायच्या आधी बाजूला काढा आणि अधिकाऱ्याला दाखवा:

जांगड माल, म्हणजे सप्लायरने दाखवायला ठेवलेला, विकला तर बिल नाहीतर परत. तो तुमचा नाही, पण रॅकवर असतो म्हणून तुमच्यात मोजला जातो.

गिऱ्हाईकाचा माल, अल्टरला आलेला किंवा पैसे देऊन "नंतर नेतो" म्हणून ठेवलेला. त्याचं विक्री बिल झालेलं आहे, म्हणजे वहीतून गेलाय पण दुकानात आहे.

डॅमेज आणि जुना पडलेला माल. हा मोजायचाच, पण यादीत "डॅमेज" शब्द लिहून आणि वेगळ्या भावाने. पाच वर्षांपूर्वीच्या फॅशनचे शर्ट नव्या भावाने लावले गेले की उगाच लाख-पन्नास हजार वाढतात.

नुकताच आलेला माल, ज्याचं बिल एंट्रीला बाकी आहे. गठ्ठा सोडला नसेल तर तसाच दाखवा, ट्रान्सपोर्टची पावती सोबत.

यादीत प्रत्येक ओळीला नग आणि भाव असतो. नग बरोबर आहे का ते तिथल्या तिथे बघा. भाव कुठला लावलाय ते विचारा, कारण खरा खेळ भावात आहे.

5. फरक कसा तयार होतो आणि कसा विरघळतो

समजायला सोपे जावेत म्हणून आकडे गोल घेतलेत, पण प्रकार हुबेहूब असाच होतो.

एका कपड्याच्या दुकानाचा 31 मार्चचा स्टॉक 18,00,000. तेव्हापासून सर्व्हेच्या दिवसापर्यंत टॅलीत खरेदी 19,60,000. विक्री जीएसटी सोडून 26,00,000. मागच्या वर्षीचा ग्रॉस प्रॉफिट विक्रीवर 20 टक्के, म्हणजे विकलेल्या मालाची खरेदी किंमत 20,80,000 धरली. तर वहीप्रमाणे दुकानात 18,00,000 अधिक 19,60,000 वजा 20,80,000 म्हणजे 16,80,000 चा माल असायला हवा.

आता टीमने रॅकवरचा माल टॅगवरच्या एमआरपीने मोजला, आला 29,40,000. त्यातून 20 टक्के प्रॉफिट वजा केला, झाले 23,52,000. वहीत 16,80,000. फरक 6,72,000, आणि प्रश्न येतो की एवढा जादा माल कशातून घेतला?

इथे घाबरायचं नाही, कागद-पेन घ्यायचं आणि एकेक पायरी लिहायची.

पहिली पायरी, एमआरपीमध्ये जीएसटी आहे. तुमची 26 लाखांची विक्री जीएसटी सोडून आहे, प्रॉफिटची टक्केवारी त्या विक्रीवरची आहे, तर माल पण जीएसटी काढूनच बघायला हवा. 5 टक्क्यांचा माल असेल तर 29,40,000 भागिले 1.05 म्हणजे 28,00,000. दुसरी, तुम्ही एमआरपीला विकतच नाही, बिलात सरासरी 10 टक्के डिस्काउंट आहे आणि ते बिलबुकात दिसतंय. तर खरी विक्री किंमत 25,20,000, त्यातून 20 टक्के प्रॉफिट वजा, खरेदी किंमत 20,16,000. बघा, एकही कपडा इकडचा तिकडे न होता 3,36,000 चा फरक गेला.

उरले 3,36,000. एंट्री बाकी असलेली बिलं 2,40,000 ची, माल आलाय, बिल फाईलला आहे, सप्लायरच्या रिटर्नमुळे ते जीएसटी पोर्टलवर तुमच्या 2बी मध्ये, म्हणजे तुमच्या खरेदीच्या यादीत पण दिसतंय, फक्त टॅलीत टाकायचं राहिलंय. ते धरलं की उरतात 96,000. जांगड माल 60,000 चा, चलन आहे. उरले 36,000.

आणि हे 36,000? ग्रॉस प्रॉफिट दर महिन्याला सारखा नसतो. 20 च्या जागी 20.7 टक्के धरून बघा, वहीतला स्टॉक वर जातो, मोजलेल्या मालाची किंमत खाली येते आणि 36,000 जवळजवळ शून्य होतात. सांगायचा मुद्दा हा की टक्केवारीने काढलेला वहीतला स्टॉक हा अंदाज असतो. आयटमवार स्टॉक ठेवत असाल तर हा अंदाज लागतच नाही, प्रत्येक आयटमचा नग नगाला जुळवता येतो आणि खरेदी बिलाचा भाव थेट लावता येतो. जमत असेल तर बारकोड सिस्टीम याच कारणासाठी घ्या, बिलिंग फास्ट होतं तो भाग वेगळा.

पैशात सांगायचं तर, स्पष्टीकरण नसलेल्या गुंतवणुकीवर 1961 च्या कायद्यात कलम 115बीबीई खाली 60 टक्के टॅक्स होता, त्यावर सरचार्ज आणि सेस धरून 78 टक्के. 6,72,000 वर हा हिशोब 5,24,160 रुपयांचा होतो, 36,000 वर 28,080 चा. जादा स्टॉक धंद्याचंच उत्पन्न धरून नेहमीच्या दराने टॅक्स लावावा यावर वकील भांडतात आणि काही केसमध्ये जिंकतात पण, पण ते वर्षानुवर्षं चालणारं प्रकरण आहे.

उलटा फरक पण येतो, माल वहीपेक्षा कमी. तेव्हा प्रश्न असतो की बिलाशिवाय विकला का? तिथे चोरी, डॅमेज फेकलेला, सप्लायरला परत गेलेला पण डेबिट नोट न टाकलेला माल हे सगळं आठवून कागदासकट दाखवावं लागतं.

6. कॅश

थोडक्यात सांगतो. कॅशबुक आदल्या रात्रीपर्यंत लिहिलेली असेल तर कॅश मोजणी दहा मिनिटात उरकते. गल्ल्यात घरचे, भिशीचे, बायकोचे पैसे ठेवू नका, नंतर कितीही खरं सांगितलं तरी ते "दुकानात सापडलेली कॅश" होतात. आणि ठेवलेच असतील तर कोणाचे, कशाचे हे जबाबात त्याच दिवशी यायला हवं, आठवड्यानंतर नाही.

7. जबाब

प्रश्न क्रमांक टाकून लिहिले जातात, नाव, शिक्षण, धंदा कधी सुरू केला, नोकर किती, बँक खाती कुठली इथपासून सुरुवात होते. हे सोपे प्रश्न पण नीट ऐका, कारण "स्टॉक रजिस्टर ठेवता का?", "रोज विक्री साधारण किती?" हे पण अगदी त्याच सुरात येतं. रोजची विक्री पंधरा हजार म्हणून छाती फुगवून सांगितली आणि बिलं आठ हजाराची निघाली की पुढचा प्रश्न काय असणार ते तुम्हीच बघा.

जे माहीत आहे ते दोन वाक्यात सांगा. जे आठवत नाही त्याला "आत्ता आठवत नाही, वह्या बघून सांगतो" हे पूर्ण उत्तर आहे. अंदाजाने आकडा देऊ नका. कच्ची चिठ्ठी किंवा डायरी दाखवून विचारलं तर आधी अक्षर कोणाचं, तारीख कुठली ते बघा, ते कोटेशन आहे का, उधारी आहे का, नोकराचा हिशोब आहे का, ते कळल्यावरच बोला. नोकराचा पण जबाब घेतात, त्याला पढवू नका, फक्त एवढं सांगा की माहीत नसेल तर माहीत नाही म्हण.

मग शेवटचा प्रश्न येतो, साधारण असा, की वरील फरकाबाबत आपल्याला काही सांगायचं आहे का, आपण हे उत्पन्न जाहीर करता का? याला लोक "सरेंडर" म्हणतात. फरक खरंच तुमचा असेल, बिलाशिवाय माल घेतलाच असेल, तर सीएशी बोलून तेवढाच आकडा मान्य करणं शहाणपणाचं. पण फरक हिशोबाचा असेल तर उत्तरात वरच्या सगळ्या पायऱ्या लिहायला सांगा: भाव एमआरपीने लावला, जीएसटी आणि डिस्काउंट वजा केलेलं नाही, इतक्या रकमेची बिलं एंट्रीला बाकी आहेत, जांगड माल इतका, पूर्ण ताळमेळ कागदासह अमुक दिवसात देतो. त्याच दिवशी जबाबात आलेल्या गोष्टीला जे वजन असतं ते नंतरच्या अर्जाला नसतं.

दबाव वाटला तर हे माहीत असू द्या: सीबीडीटीने, म्हणजे इन्कम टॅक्स खात्याच्या वरच्या बोर्डाने, 10 मार्च 2003 ला आपल्या अधिकाऱ्यांना लेखी सूचना दिली आहे की धाड आणि सर्व्हेत उत्पन्नाची कबुली घ्यायचा प्रयत्न करू नये, पुरावा गोळा करावा, आणि 2014 मध्ये ती पुन्हा बजावली. सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये खादर खान सन केसमध्ये मद्रास हायकोर्टाचा निकाल कायम ठेवला, की सर्व्हेतला जबाब शपथेवरचा नसतो म्हणून नुसत्या त्याच्यावर टॅक्स लावता येत नाही. पण याचा अर्थ "आज काहीही सही करू, उद्या मागे घेऊ" असा अजिबात घेऊ नका. मागे घेताना पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो, आणि उशीर झाला की कोणी ऐकत नाही. जीएसटीच्या तपासणीत पण तिथल्या तिथे पैसे भरायची सक्ती नाही, 25 मे 2022 ची तशी सूचना आहे, स्वखुशीने भरायचं असेल तर डीआरसी-03 या फॉर्मवर भरता येतं.

सही करताना प्रत्येक पान वाचा. जबाब इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिला असेल आणि तुम्हाला नीट कळत नसेल तर मराठीत समजावून सांगायला सांगा आणि तसं समजावल्याचं शेवटी लिहून घ्या. स्टॉकच्या यादीवर सही करताना काही चुकीचं दिसलं तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहा, उदाहरणार्थ "नग मान्य, भाव एमआरपीचे आहेत, मान्य नाहीत". रात्रीचे अकरा वाजलेत म्हणून वाचायचं सोडू नका, साहेबांना पण घरी जायचंय, ते थांबतील.

8. टीम निघताना आणि त्यानंतरचा आठवडा

जबाब आणि स्टॉक यादीची कॉपी मागा. तेव्हा मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज करा. वह्या, फाईली ताब्यात घेतल्या असतील तर कारण नोंदवलेलं असावं लागतं आणि काय काय नेलं त्याची यादी मिळायला हवी. सुट्ट्या सोडून 15 दिवसांपेक्षा जास्त ठेवायच्या तर त्यांना वरिष्ठांची मंजुरी लागते. महिन्याचं जीएसटी रिटर्न अडणार असेल तर त्या फाईलच्या झेरॉक्स तिथेच काढून घ्या, आणि टॅलीचा बॅकअप ते घेतात तसा एक स्वतःच्या पेनड्राइव्हवर पण घ्या.

मग टॅली त्या दिवसाच्या तारखेपर्यंत पूर्ण करा, पण जुन्या तारखेत नवी बिलं घुसवू नका. त्यांच्याकडे सर्व्हेच्या दिवशीचा बॅकअप आहे, दोन्ही डेटा शेजारी ठेवले की लगेच कळतं. एंट्री बाकी बिलांची यादी, प्रत्येकाला ई-वे बिल किंवा ट्रान्सपोर्टची पावती, पेमेंटची बँक एंट्री आणि सप्लायरचं कन्फर्मेशन लावा. जांगडवाल्या सप्लायरकडून त्याच्या लेटरहेडवर पत्र घ्या. डिस्काउंट दाखवायला त्या महिन्यातली विक्री बिलं जोडा. हे सगळं एका पत्रासोबत त्याच अधिकाऱ्याच्या ऑफिसात द्या आणि दुसऱ्या कॉपीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का नसलेली कॉपी दोन वर्षांनी असेसमेंटच्या वेळी कोणी बघत नाही.